प्रकल्प नोंदी: २५६ पत्त्यांत टॉवेलचा कारखाना बसवताना

५ जानेवारी २०२६

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं नेटवर्क नव्याने मांडायचं काम आजपासून हातात घेतलं. सध्या तिथे सगळं एकाच सपाट नेटवर्कवर आहे, 192.168.1.0/24. मागांवरचे डेटा बॉक्स, कॅमेरे, अकाउंट्सचे कॉम्प्युटर, डाईंगची यंत्रं, सगळे एकाच खोलीत कोंबल्यासारखे. इतके दिवस ते चाललंही. पण आता मुंबईच्या मुख्य ऑफिसला सगळ्या शाखा व्हीपीएनने जोडायच्या आहेत, आणि इतर शाखाही हेच 192.168.1 वापरत बसल्या आहेत. दोन ठिकाणी एकच पत्ता असला की मुंबईच्या राउटरने पॅकेट कुठे पाठवायचं?

म्हणून मुंबईने प्रत्येक शाखेला वेगळा गठ्ठा दिला. सोलापूरच्या वाट्याला 10.60.4.0/24 आला. म्हणजे 0 ते 255, एकूण २५६ पत्ते. त्यातच पाच विभाग वेगळे करायचे आणि त्यांना जोडणाऱ्या दोन लिंकही बसवायच्या.

मॅनेजर साहेबांनी विभागवार यादी हातात दिली. उपकरणांची बेरीज दीडशेच्या आसपास भरते. "दोनशे छप्पन्नात दीडशे बसवायचे, त्यात काय एवढं?" असं ते म्हणाले. सपाट ठेवलं तर खरंच काही नाही. भिंती घालायला लागलो की जागा जाते.

७ जानेवारी

यादी बाजूला ठेवून स्वतः मोजत फिरलो. सहाय्यक वही घेऊन बरोबर होता. यादी माणसं मोजून केली होती आणि पत्ता लागतो उपकरणाला, त्यामुळे हे करणं भाग होतं. डिझाइनमध्ये माणसं पाच, पण कॉम्प्युटर आठ निघाले. प्रिंटर तर कोणीच धरले नव्हते.

शेड एकमध्ये जॉबर अण्णा सोबत आले. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते प्रत्येक मागाजवळ थांबून डेटा बॉक्सवर बोट ठेवायचे आणि सहाय्यक वहीत रेघ मारायचा. ४८ माग, ४८ बॉक्स. त्याशिवाय ५ टॅबलेट, ३ लेबल प्रिंटर आणि कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत उत्पादनाची नोंद ठेवणारा एक कॉम्प्युटर. एकूण ५७.

शेड दोन रस्त्याच्या पलीकडे आहे. तिथे १२ नवे माग बसतायत, शिवाय २ टॅबलेट आणि १ प्रिंटर, म्हणजे १५. कॅमेरे ३७ आणि रेकॉर्डर २, म्हणजे ३९. ऑफिसात २७, डिझाइनला १०, डाईंगला ६.

बेरीज १५४. प्रत्येक विभागाला गेटवेसाठी, म्हणजे विभागाबाहेर जायच्या दारासाठी, एक पत्ता जास्त लागतो, हे इथेच मांडून ठेवतो, नंतर विसरायला होतं. म्हणजे शेड एकचे ५८, कॅमेऱ्यांचे ४०, ऑफिसचे २८, शेड दोनचे १६, डिझाइनचे ११ आणि डाईंगचे ७.

निघताना अण्णांना विचारलं, इथे आणखी माग येणार का? त्यांनी हात पसरून दाखवलं. दोन मागांच्या मधून टॉवेलची ट्रॉली जेमतेम जाते. "इथं कुठं ठेवणार साहेब? शेड दोनला बघा की, तिथं अजून दहा माग बसतील." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

९ जानेवारी

आज घरी बसून हिशेब केला. सहाय्यकाने आधी समान वाटणीचा आराखडा करून आणला होता. कॉलेजात तसंच शिकवतात, आणि चूक कुठे होते ते त्यातूनच दिसतं, म्हणून तो पूर्ण बघितला.

गठ्ठ्याचे समान तुकडे करायचे तर दोनाच्या घातांतच होतात: दोन, चार, आठ, सोळा. दोन्ही शेड वेगळ्या धरून विभाग सहा, म्हणून आठ तुकडे. एकेका तुकड्यात ३२ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा, म्हणून वापरायला ३०. शेड एकला ५८ हवेत, कॅमेऱ्यांना ४०. दोघेही बाहेर राहिले. उलट डाईंगला ७ हवेत आणि मिळाले ३०. चारच तुकडे केले तर एकेकात ६२ पत्ते मिळतात, मोठे दोघे बसतात, पण विभाग सहा आणि तुकडे चार.

म्हणून प्रत्येकाला त्याच्या मापाचा मास्क, म्हणजे तुकडा केवढा ते सांगणारा आकडा, द्यायचा. गरजेच्या आकड्यात नेटवर्क आणि ब्रॉडकास्टचे दोन मिळवायचे आणि त्याच्या वरचा दोनाचा घात घ्यायचा. कॅमेऱ्यांचं ४० अधिक २ म्हणजे ४२, त्याच्या वरचा घात ६४, म्हणजे /26. ऑफिसचं ३० होतं, त्याला ३२, म्हणजे /27. डिझाइनचं १३ होतं, त्याला १६, म्हणजे /28. डाईंगचं ७ अधिक २ म्हणजे ९. आठाचा तुकडा एका पत्त्याने हुकला, म्हणून त्यालाही १६.

अडलं ते मागांपाशी. पण साहेबांच्या यादीत "विणकाम विभाग" असा एकच विभाग आहे, दोन्ही शेड मिळून. ५७ आणि १५ म्हणजे ७२, गेटवे धरून ७३. चौसष्टाच्या तुकड्यात वापरायचे पत्ते ६२, तिथे बसत नाही, म्हणून १२८ घ्यावे लागतात. आता बेरीज बघा: १२८, ६४, ३२, १६ आणि १६. बरोबर २५६. गठ्ठा काठोकाठ भरला आणि दोन लिंकना एकही पत्ता उरला नाही. विणकामाच्या १२८ मध्ये मात्र वापरता येण्याजोगे ५३ पत्ते नुसते पडून राहतात.

दोनाच्या घाताच्या जरा वर गेलेला विभाग सगळ्यात महाग पडतो. तिथेच जास्त वेळ द्यायला हवा.

१२ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, दुपारनंतर गावातून गाडी काढणं अवघड. कामही फोनवरच झालं. मुंबईच्या नेटवर्क बघणाऱ्या मॅडमना विचारलं, आणखी एक छोटा गठ्ठा मिळेल का. त्या म्हणाल्या, देता येईल, पण मग सोलापूरसाठी सगळीकडे दोन रूट ठेवावे लागतील. आत्ता त्यांच्या राउटरमध्ये सोलापूरची एकच ओळ आहे, 10.60.4.0/24. आत मी कितीही तुकडे केले तरी त्यांना ते बघायची गरज पडत नाही. ती ओळ एकच राहावी हे मलाही पटतं. आहे त्यातच बसवायचं.

१६ जानेवारी

विणकाम विभाग दोन सबनेटमध्ये फोडायचं ठरलं. शेड एकला /26, शेड दोनला /27. म्हणजे १२८ ऐवजी ६४ आणि ३२ मिळून ९६, आणि ३२ पत्ते मोकळे झाले. शेड एकमध्ये ६२ पैकी ५८ लागतात, चारच शिल्लक. एरवी इतकं घट्ट माप मी देत नाही, पण तिथे मागाला जागाच नाही, वाढ कुठून होणार? शेड दोनमध्ये ३० पैकी १६ लागतात. अण्णांचे दहा माग आले तरी २६ होतात.

वाढीसाठी सगळ्यांना सरसकट वीस-पंचवीस टक्के जास्त धरायची पद्धत आहे, ती मला इथे चालवायची नव्हती. शेड एकला पंचवीस टक्के धरले असते तर आकडा बासष्टच्या पुढे गेला असता आणि परत १२८ चा तुकडा घ्यावा लागला असता, तेही कधी न येणाऱ्या मागांसाठी.

पण फोडण्याला एक किंमत आहे, आणि ती कागदावर दिसत नाही. दोन सबनेटच्या मध्ये राउटर येतो, आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढे जाऊ देत नाही. उत्पादनाच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर मागांचे बॉक्स कसे शोधतं, हे बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही असं ठरवलं होतं. आज एक जादा डेटा बॉक्स घेतला, त्याला शेड दोनच्या सबनेटमधला पत्ता दिला आणि शेड एकच्या काचेच्या खोलीतून सॉफ्टवेअरमधलं शोधाचं बटण दाबलं. ४८ बॉक्स आले. एकोणपन्नासावा आला नाही. बटण 255.255.255.255 वर हाक मारतं आणि ती हाक शेड एकच्या बाहेर पडत नाही.

त्याच कॉम्प्युटरवरून त्या बॉक्सला पिंग केलं तर उत्तर आलं. म्हणजे वाट मोकळी होती, फक्त हाक पोचत नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये बॉक्स हाताने जोडायची सोय निघाली. पत्ता टाईप केला आणि आडव्या धाग्यांची मोजणी लगेच दिसायला लागली. अर्धा तास तसंच चालू ठेवलं, एकदाही तुटली नाही. शेड दोनचे बाराही बॉक्स असेच हाताने जोडायचे आणि त्यांचे पत्ते कायमचे ठरवून द्यायचे. ही हाताने जोडायची सोय नसती, तर मी विणकाम फोडलं नसतं आणि जागा दुसरीकडून काढली असती.

१९ जानेवारी

मापं ठरली, आता क्रम. सहाय्यकाने लहानाकडून मोठ्याकडे मांडणी केली होती: डाईंग 10.60.4.0/28, मग लगेच शेड एक 10.60.4.16/26. वरवर बघता बरोबर वाटतं. सोळा संपले, सतराव्यापासून पुढचे चौसष्ट.

त्याला पायथॉनमध्ये हेच टाकायला सांगितलं.

```
>>> import ipaddress
>>> ipaddress.ip_network("10.60.4.16/26")
ValueError: 10.60.4.16/26 has host bits set
```

मग शेवटचा आकडा बिट्समध्ये लिहून दाखवला. /26 म्हणजे शेवटच्या आकड्याचे पहिले दोन बिट नेटवर्कचे आणि उरलेले सहा उपकरणाचे. नेटवर्कच्या पत्त्यात ते सहाही शून्य असावे लागतात. १६ म्हणजे 00010000. वरचे दोन 00 आणि खालच्या सहांत एक 1 आहे. म्हणजे हा पत्ता 0 पासून सुरू होणाऱ्या तुकड्याच्या पोटातला झाला, नव्या तुकड्याची सुरुवात नव्हे. चौसष्टाचा तुकडा 0, 64, 128 किंवा 192 याच ठिकाणी सुरू होतो. बत्तिसाचा बत्तिसाच्या पटीत, सोळाचा सोळाच्या.

म्हणून डाईंगला पहिली जागा दिली की शेड एकला थेट 64 वर जावं लागतं आणि 16 ते 63 हे ४८ पत्ते मध्ये तुटक राहतात. ते पुढे लहानांना वापरता येतात, पण लक्षात ठेवून भरावे लागतात. मोठ्याकडून लहानाकडे गेलं की हा त्रासच नाही. ६४ च्या पाठोपाठ ६४, मग ३२, मग १६. मोठा तुकडा जिथे संपतो ती जागा त्याच्याहून लहानाच्या पटीत असतेच.

सहाय्यकाने पूर्ण आराखडा पुन्हा लिहिला. तो म्हणाला, "सर, म्हणजे आधी मोठी खोकी डिकीत, मग पिशव्या." अगदी तेच.

२० जानेवारी

एवढ्यावर काम संपलं असतं, पण सकाळी डाईंग मास्तर भेटले आणि एक दुरुस्ती करावी लागली, ती चांगलीच झाली.

ते म्हणाले, पावसाळ्यानंतर दोन नवी डाईंग मशीन येतायत. एकेका मशीनला कंट्रोलर, रंग सोडणारं युनिट, वजनकाटा आणि एक छोटा स्क्रीन, म्हणजे चार चार पत्ते. आत्ताचे ७ आणि हे ८ मिळून १५. सोळाच्या तुकड्यात वापरायचे पत्ते १४. पुन्हा एकानेच हुकलं.

आत्ताच डाईंगला ३२ देऊन टाकावेत का? मला ते नको होतं. मशीन यायला अजून आठ-नऊ महिने आहेत, आणि ठरलेलं मशीन लांबतं हे मी खूप वेळा बघितलंय. बरं, एकदा सबनेट मोठा दिला की कोणीतरी मधले पत्ते वापरायला लागतं आणि परत लहान करता येत नाही. त्यापेक्षा सोळाच द्यायचे आणि शेजारचे सोळा रिकामे ठेवायचे. वेळ आली की /28 चा /27 करायचा. गेटवेचा पत्ता तोच, आधीच्या उपकरणांचे पत्तेही तेच, फक्त मास्क बदलायचा.

पण शेजार बरोबर निवडायला हवा. कालच्या आराखड्यात डिझाइन 192 वर होतं, डाईंग 208 वर, आणि 224 पासून पुढे मोकळं. डाईंगच्या मागोमागच मोकळी जागा आहे, मग ती जोडून घेऊ, असं सहज वाटतं. पण ती जोडता येत नाही. ३२ चा तुकडा 192 किंवा 224 ला सुरू होतो, 208 ला नाही. 208 ची जोडी मागच्या 192 शी आहे, आणि तिथे डिझाइन बसलंय. म्हणजे शेजारी रिकामं घर असूनही मधली भिंत पाडता आली नसती, सगळं डाईंग उठवून न्यावं लागलं असतं. मशीनच्या कंट्रोलरचे पत्ते बदलायचे तर मशीन पुरवणाऱ्याच्या माणसाला बोलवावं लागतं आणि तोवर रंगाई बंद.

म्हणून डाईंग 192 वर आणलं, 208 रिकामं ठेवलं आणि डिझाइन 224 वर नेलं. त्यानंतर दोन लिंक: एक मुख्य स्विच ते फायरवॉल, दुसरी रस्त्यापलीकडच्या शेड दोनच्या स्विचपर्यंत गेलेली फायबर. लिंकच्या दोन टोकांना दोनच पत्ते लागतात, म्हणून /30. त्याहून काटकसर करायची तर /31 आहे, त्यात नेटवर्क आणि ब्रॉडकास्टचे पत्ते बाजूला काढावे लागत नाहीत. तशी सोय २००० सालच्या आरएफसी ३०२१ मध्ये आली. पण इथली जुनी फायरवॉल तो मास्क घेत नाही, आणि चार पत्त्यांसाठी फायरवॉल बदला म्हणणं योग्य नाही.

आजचा अंतिम आराखडा:

```
10.60.4.0/26     शेड १
10.60.4.64/26    कॅमेरे
10.60.4.128/27   ऑफिस
10.60.4.160/27   शेड २
10.60.4.192/28   डाईंग
10.60.4.208/28   राखीव: डाईंगसाठीच
10.60.4.224/28   डिझाइन
10.60.4.240/30   लिंक: फायरवॉल
10.60.4.244/30   लिंक: शेड २
10.60.4.248/29   मोकळं
```

"डाईंगसाठीच" हा शब्द मुद्दाम घातला. नुसतं "राखीव" लिहिलं की पुढच्या वर्षी कोणीतरी तिथे वाय-फाय टाकतो.

ऑफिसचं मात्र मन खात राहिलं. २८ लागतात, ३० मिळतात. एक्स्पोर्टची माणसं वाढली तर ऑफिस भरेल. त्याचा शेजारी 160, तिथे शेड दोन आहे, म्हणून मास्क वाढवता येणार नाही. मॅनेजर साहेबांना स्पष्ट सांगितलं: ऑफिसात आणखी दोनच उपकरणं येतील. त्यापुढे एक्स्पोर्टची खोली वेगळी करून तिला 248 चा आठाचा तुकडा द्यायचा. त्यात गेटवे सोडून पाच उपकरणं बसतील. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, जिलेबी खाल्ली आणि साडेनऊला कामाला लागलो. आज सगळे माग बंद. शेड एक एवढी शांत मी पहिल्यांदाच ऐकली.

आधी स्विचवर सगळे व्हीलॅन आणि गेटवे, मग एकेक विभाग. ऑफिस आणि डिझाइन डीएचसीपीवर, म्हणजे पत्ता आपोआप घेणारे, असल्याने पटकन झाले. शेड दोनच्या प्रिंटरने स्वतःला 169.254 चा पत्ता लावून घेतला. डीएचसीपीची पहिली हाकही ब्रॉडकास्टच असते, आणि ती हाक पुढे पोचवणारा रिले शेड दोनच्या स्विचवर चालू करायचा राहिला होता. रिले लावला, प्रिंटरला पत्ता मिळाला.

कॅमेरे आणि रेकॉर्डरचे पत्ते हातानेच टाकायचे होते. ३९ उपकरणांचे ३९ वेब पेज. सहाय्यक आणि मी आळीपाळीने बसलो. संध्याकाळी सातला शेवटचा कॅमेरा दिसला. मुंबईहून मॅडमनी दोन्ही रेकॉर्डर उघडून बघितले, चित्र येतंय म्हणाल्या.

२७ जानेवारी

सकाळी सव्वानऊला मॅनेजर साहेबांचा फोन. "मुंबईला कॅमेरे दिसतायत, आणि मला इथे माझ्या टेबलावर दिसत नाहीत." दुसऱ्या रेकॉर्डरचं चित्र येतंय, पहिल्याचं नाही.

लांबचा बघतोय आणि जवळच्याला दिसत नाही, हे लक्षण ऐकल्याबरोबर मास्कवर संशय गेला. तरी पुरावा हवा होता. कॅमेऱ्यांच्या स्विचवर एका मोकळ्या पोर्टला लॅपटॉप लावला आणि साहेबांना रेकॉर्डरचं पान उघडायला सांगितलं.

```
$ sudo tcpdump -tni eth0 arp
ARP, Request who-has 10.60.4.135 tell 10.60.4.66, length 46
ARP, Request who-has 10.60.4.135 tell 10.60.4.66, length 46
```

66 म्हणजे रेकॉर्डर, 135 म्हणजे साहेबांचा कॉम्प्युटर. रेकॉर्डर आपल्याच गल्लीत ओरडून विचारतोय, "135 कोण आहे?" 135 त्या गल्लीत राहतच नाही, उत्तर कोण देणार? काल पत्ता बदलला, पण मास्क जुनाच राहिला, 255.255.255.0. त्या मास्कप्रमाणे 10.60.4 ने सुरू होणारा प्रत्येक जण रेकॉर्डरला घरचा वाटतो, म्हणून तो गेटवेकडे जातच नाही. मुंबईचा पत्ता 10.60.4 मधला नाही, म्हणून तिकडचं उत्तर तो नीट गेटवेला देतो. साहेबांची विनंती रेकॉर्डरपर्यंत पोचत होती, परतीची वाट चुकत होती.

मास्क 255.255.255.192 केला, चित्र आलं.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. काही राउटरमध्ये प्रॉक्सी एआरपी आपोआप चालू असतं. तसं असतं तर राउटरनेच "135 माझ्याकडे आहे" असं उत्तर दिलं असतं, चित्र कालच दिसलं असतं आणि चूक आत तशीच राहिली असती. राउटर बदलला की एके दिवशी ती बाहेर आली असती, आणि तेव्हा मास्ककडे कोणाचं लक्ष गेलं नसतं. आमच्या स्विचवर ते बंद आहे आणि बंदच ठेवणार.

मग वाटलं, एक चुकला तर आणखी असतील. ऑफिसातून सगळ्या ३९ पत्त्यांना पिंग केलं. तीन कॅमेरे गप्प. त्यांचं चित्र रेकॉर्डरवर व्यवस्थित येत होतं, कारण रेकॉर्डर त्यांच्याच सबनेटमध्ये आहे. म्हणून तक्रार कोणाचीच नव्हती. तिघांचाही मास्क जुना निघाला. यातला एक माझ्या हातचा होता. यापुढे हाताने टाकलेल्या प्रत्येक उपकरणाला दुसऱ्या सबनेटमधून पिंग केल्याशिवाय वहीत बरोबरची खूण करायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

२ फेब्रुवारी

आठवडाभर एकही तक्रार नाही. शेड दोनचे बारा माग परवापासून चालू झाले, बाराही बॉक्स उत्पादनाच्या कॉम्प्युटरवर दिसतायत.

आराखड्याचा कागद लॅमिनेट करून स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून लावला. प्रत्येक सबनेटपुढे तीन गोष्टी लिहिल्या: मास्क पूर्ण आकड्यांत, गेटवे, आणि आज किती पत्ते शिल्लक आहेत. शेड एक ४, कॅमेरे २२, ऑफिस २, शेड दोन १४, डाईंग ७, डिझाइन ३. शिल्लकीचा आकडा पेन्सिलने लिहिलाय, बदलता यावा म्हणून.

डाईंग मास्तर कपाटापाशी येऊन कागद बघून गेले. 208 च्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे आमचं?" म्हटलं, तुमचंच, मशीन आलं की फोन करा.